दुसरी केबल लावताच वॅट का घटतात?

तीन पोर्टांच्या गॅन चार्जरवर छापलेला ६५ वॅटचा आकडा संपूर्ण चार्जरचा असतो, एकेका पोर्टाचा नव्हे. लॅपटॉप एकटाच जोडला असेल तर त्याला तो पूर्ण मिळू शकतो. शेजारी फोन लावला की अनेक चार्जरांत लॅपटॉपसाठी ४५ आणि फोनसाठी २० वॅट अशी वाटणी होते. फोनची बॅटरी जवळपास भरलेली असली, तरीही.

चार्जरच्या आत विजेचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात घरातल्या २३० व्होल्टच्या एसी विजेपासून कमी व्होल्टची डीसी वीज तयार होते. हा टप्पा आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर सर्व पोर्टांना सामाईक असतो. दुसऱ्या टप्प्यात छोटी कन्व्हर्टर सर्किटे ती वीज प्रत्येक उपकरणाला हव्या त्या व्होल्टवर आणतात. गॅन, म्हणजे गॅलियम नायट्राइडचे स्विच, पहिल्या टप्प्यात कामाला येतात. ते सिलिकॉनच्या स्विचपेक्षा कमी वीज वाया घालवून अधिक वेगाने चालू-बंद होतात, म्हणून ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. गॅनमुळे चार्जर आटोपशीर होतो. ६५ वॅटचे १३० होत नाहीत. उलट डबी लहान, बंद आणि बिनपंख्याची असल्याने उष्णतेचा प्रश्न अधिकच बिकट होतो. कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या वर धरली तरी ६५ वॅट देताना पाच-सहा वॅट उष्णता आतच तयार होते. त्यामुळे एकूण मर्यादा ओलांडायला वाव नसतो.

ही मर्यादा पाळली जाते ती बोलणीतून. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत चार्जर केबलमधल्या एका वेगळ्या तारेवरून उपकरणाला यादी पाठवतो: ५, ९ आणि १५ व्होल्टला ३ अँपिअरपर्यंत, २० व्होल्टला ३.२५ अँपिअरपर्यंत. लॅपटॉप शेवटचा पर्याय मागतो, चार्जर होकार देतो आणि मगच व्होल्टेज वाढवतो. वीस गुणिले सव्वातीन, म्हणजे ६५ वॅट.

आता फोन जोडला जातो. चार्जरला त्यालाही यादी द्यायची आहे, आणि यादीत लिहिलेली वीज उपकरणाने कोणत्याही क्षणी मागितली तरी देता आली पाहिजे. म्हणून तो लॅपटॉपला नवी यादी पाठवतो. तीत २० व्होल्टपुढे आता २.२५ अँपिअर, म्हणजे ४५ वॅटच असतात. उरलेले २० वॅट फोनच्या नावावर राखले जातात. फोन प्रत्यक्षात तीनच वॅट घेत असेल तरी उरलेले सतरा लॅपटॉपला मिळत नाहीत. रेल्वेतली आरक्षित बर्थ रिकामी दिसली म्हणून दुसऱ्याची होत नाही, तसेच. काही महागडे चार्जर प्रत्यक्ष वापर मोजून मधूनमधून फेरवाटप करतात, पण त्यासाठी पुन्हा बोलणी करावी लागतात.

नवी यादी वीज न तोडताही देता येते. तरी बरेच चार्जर सोपा मार्ग धरतात: सगळे पोर्ट क्षणभर बंद करून बोलणी पहिल्यापासून सुरू करतात. फोन-लॅपटॉपला बॅटरी असल्याने चार्जिंगची खूण क्षणभर जाऊन परत येते, इतकेच. पण त्याच चार्जरवर रास्पबेरी पायसारखा बिनबॅटरीचा छोटा संगणक चालत असेल, तर तो सरळ बंद पडून नव्याने सुरू होतो. दोष संगणकाचा समजून लोक उगाच त्याच्या मागे लागतात.

तिसऱ्या पोर्टाची गोष्ट आणखी वेगळी. खर्च वाचवण्यासाठी अनेक चार्जरांत दुसरा सी पोर्ट आणि जुना चौकोनी ए पोर्ट मिळून एकच कन्व्हर्टर वापरतात. एका कन्व्हर्टरला एका वेळी एकच व्होल्टेज देता येते, म्हणून दोन्ही पोर्ट भरले की तो ५ व्होल्टवर उतरतो आणि दोघांत मिळून साधारण १५ वॅट उरतात. ९ व्होल्टवर वेगाने भरणारा फोन मग रेंगाळतो. चौकोनी पोर्टात इअरफोनची डबी लावली आणि फोन मंदावला, तर कारण बहुधा हेच.

४५ वॅट पुरतील का, हे लॅपटॉपच्या कामावर ठरते. लेखन किंवा ब्राउझिंगला वीसेक वॅट लागत असतील तर बॅटरी भरत राहते, फक्त सावकाश. व्हिडिओ संपादनासारख्या कामात मागणी ६० वॅटवर गेली, की तूट बॅटरीतून भरून निघते आणि चार्जर लावलेला असतानाही टक्के उतरू लागतात.

मात्र दर वेळी वाटणीलाच दोष देऊन चालत नाही. सी ते सी केबल साधी, ३ अँपिअरची असेल तर लॅपटॉप एकटा असतानाही ६० वॅटच्या वर जाता येत नाही. वॅट दाखवणारी छोटा पडदा असलेली केबल लावली की उलगडा होतो: दुसरे उपकरण जोडल्यावरच आकडा उतरला तर कारण वाटणी, आधीपासूनच कमी असेल तर केबल, पोर्ट किंवा लॅपटॉपची स्वतःची मागणी तपासावी. कोणत्या जोडीत कोणत्या पोर्टाला किती, हे चार्जरच्या अंगावर किंवा खोक्यावर बारीक अक्षरात छापलेले असते. विकत घेताना पुढच्या मोठ्या आकड्यापेक्षा त्या ओळी वाचाव्यात. रोज लॅपटॉपला ६५ आणि फोनला २० वॅट एकदमच हवे असतील, तर ६५ अधिक २० अशी जोडी स्पष्ट छापलेला, साधारण १०० वॅटचा चार्जर शोधावा लागतो.