दूध संस्थेला विचारायचे प्रश्न

ग्रामविकासावरच्या सादरीकरणात गावच्या दूध संस्थेची माहिती ठरलेली असते. स्थापनेचं वर्ष, सभासद संख्या, रोजचं संकलन आणि शेवटी दिवाळीला वाटलेल्या दर फरकाचा आकडा. हा आकडा मोठा असला की सभागृहात टाळ्या पडतात. पण त्यावरून उत्पादकाला रास्त भाव मिळतो की नाही, हे कळत नाही. कधी कधी तर फरक मोठा असणं हेच रोजचा दर कमी मिळाल्याचं लक्षण असतं. म्हणून सादरीकरण करणाऱ्यांनी आणि ते ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात करावी ती मापापासून.

संध्याकाळी संकलन केंद्रावर काय घडतं ते बघा. बाई किटली घेऊन येते, दूध काट्यावरच्या भांड्यात ओतलं जातं, त्यातून थोडा नमुना काढून मशीनला लावतात आणि पावती हातात येते. पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम. दूध ४ लिटर २८० मिली असताना पावतीवर ४.२ लिटर आलं, तर ८० मिली गेलं कुठे? काटा शंभर-शंभर मिलीच्या टप्प्यानं मोजत असेल आणि वरचं सोडून देत असेल, तर प्रत्येक मापात सरासरी ५० मिली दूध नोंदीबाहेर राहतं. एका घराला ते जाणवतही नाही. पण समजा संस्थेला दीडशे सभासद दोन वेळा दूध घालतात. दिवसाची तीनशे मापं, म्हणजे रोज १५ लिटर आणि वर्षाला जवळजवळ साडेपाच हजार लिटर. म्हशीच्या दुधाला ५० रुपये दर धरला तर पावणेतीन लाखांच्या घरातली रक्कम झाली. तेव्हा पहिला प्रश्न असा: काटा किती मिलीपर्यंत मोजतो, त्याची पडताळणी शेवटची कधी झाली आणि वर्षअखेरीस दुधाचा वाढावा किती निघाला? नमुन्याचं उरलेलं दूधही विकलं जातं. त्याचे पैसे कुठल्या खात्यात जमा होतात, हेही त्याच दमात विचारावं.

मापानंतर फॅट. दरपत्रकात म्हशीच्या दुधाचा मूळ दर साधारण ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला, तर गाईच्या दुधाचा ३.५ आणि ८.५ला धरतात. त्याखाली प्रत्येक पॉइंटाला कपात होते. समजा पॉइंटाला ८० पैसे कपात आहे आणि मशीन तीन पॉइंट कमी दाखवतं. मग लिटरमागे २ रुपये ४० पैसे गेले. रोज आठ लिटर घालणाऱ्या घराला दहा दिवसांच्या बिलात १९२ रुपयांचा फटका बसला. हे दर वेळी कुणी मुद्दाम करतं असं नाही. दूध नीट ढवळलं नाही, मशीन धुतलं नाही किंवा त्याचं सेटिंग हललं, तरी आकडा चुकतो. शंका आली तर तोच नमुना जुन्या गर्बर पद्धतीनं, म्हणजे आम्ल घालून आणि नळी फिरवून तपासता येतो.

पण एकेक नमुना तपासत बसण्यापेक्षा सोपी कसोटी दोन कागदांची आहे. एक कागद संस्थेचा: त्या वेळी सगळ्या सभासदांकडून किती दूध आलं आणि त्याची सरासरी फॅट किती लागली. ही सरासरी लिटरच्या हिशेबानं काढलेली हवी, नुसती पावत्यांवरची फॅट बेरजेला घेऊन नव्हे. दुसरा कागद संघाचा: तेच दूध डेअरीत पोचल्यावर संघानं किती माप आणि किती फॅट लावली. दोन्हींत थोडा फरक पडणारच, कधी इकडे, कधी तिकडे. पण महिनाभर रोज सभासदांना ६.२ आणि संघाकडून ६.५ लागत असेल, तर तो योगायोग नाही. मधल्या तीन पॉइंटांचे पैसे संस्थेत राहत आहेत. माप ताडताना एकक सारखं आहे ना, तेही पाहावं. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरतं, त्यामुळे लिटर आणि किलोची गल्लत झाली की शंभरामागे तीनाचा घोळ होतो.

आता दिवाळीच्या फरकाकडे या. मापातला वाढावा आणि फॅटमधला फरक संस्थेच्या नफ्यात जमा होतो. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यानुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. इतर तरतुदी होतात आणि उरलेल्यातून दर फरक वाटला जातो. म्हणजे सभासदाचेच पैसे वर्षभर बिनव्याजी अडकून, काटछाट होऊन त्याच्या हाती येतात. संघाकडून आलेला फरक आणि संस्थेच्या स्वतःच्या नफ्यातला फरक अहवालात वेगवेगळा दाखवला आहे का, हे म्हणून विचारायचं. पहिला हक्काचा आहे, दुसऱ्याचा उगम शोधायला हवा.

हे प्रश्न विचारणार कोण? ज्याच्या नावावर शेअर आहे तो. धार काढते बाई, पण शेअर बहुतेक वेळा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असतो, त्यामुळे सभेला ती नसतेच. संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, पण त्या जागांवर बसणाऱ्या बाईचं दूध संस्थेला येतं का, हे बघितलं पाहिजे. वर्षानुवर्षं दूध घालूनही बिगर सभासद किंवा नाममात्र सभासद म्हणून ठेवलेली घरं असतात, त्यांना मत नाही. अशांनी रीतसर अर्ज करावा. तीन महिन्यांत संस्थेनं निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं कायदा मानतो. नकार आला तर निबंधकाकडे अपील करता येतं. म्हणून अर्जाची पोच घेतल्याशिवाय संस्थेच्या पायऱ्या उतरू नयेत.

कारभाराबद्दल एकच प्रश्न विचारायची संधी मिळाली, तर ठरावाचा विचारावा. गावात एका सभासदाला एकच मत, मग त्याची म्हैस एक असो की दहा. पण जिल्हा संघाच्या निवडणुकीत गावची संस्था एका माणसाच्या नावानं ठराव करते आणि तो ठरावधारक सगळ्यांच्या वतीनं मत देतो. खरेदीदर, पॉइंटाची कपात, वाहतुकीचा खर्च हे सारं संघाच्या पातळीवर ठरतं, म्हणजे भावाच्या दृष्टीनं हेच मत सर्वांत मोलाचं. कोल्हापूर भागात या ठरावांसाठी केवढी धावपळ होते, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. तरीही ठराव कुणाच्या नावानं झाला, कोणत्या सभेत झाला, हे बऱ्याच सभासदांना निवडणूक उरकल्यावर कळतं. ठराव करण्याआधी हे नाव सर्वसाधारण सभेपुढे यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. निवडणूक बिनविरोध झाली याचं सादरीकरणात कौतुक होतं. अर्ज किती आले होते आणि माघार किती जणांनी घेतली, हे विचारल्याशिवाय त्या कौतुकात सामील होऊ नये.

वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेत ऐनवेळी विचारलेल्या प्रश्नाला ‘नंतर दाखवतो’ असं उत्तर मिळतं, म्हणून कागद आधी पाहावेत. कायद्याच्या कलम ३२ नुसार सभासदाला उपविधी, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात, फी भरून नकलाही मिळतात. संघाच्या पावत्या या यादीत थेट येत नाहीत, त्यामुळे त्या सूचनाफलकावर रोज लावाव्यात असा ठराव सभेतच मंजूर करून घ्यावा लागतो. यंदाच्या सभेला जाताना दहा दिवसांच्या पावत्या जपून सोबत न्या आणि हा एक ठराव तेवढा मांडा.