फ्रिज विकणे आहे

‘फ्रिज विकणे आहे. एकदम चांगल्या कंडिशनमध्ये. घर बदलत असल्याने तातडीने देणे आहे. इच्छुकांनी संपर्क साधावा.’

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा फेसबुकवर असा मजकूर टाकला की उत्तरे भराभर येतात, आणि सगळे प्रश्नच असतात. कितीला? किती लिटर? किती जुना? फोटो? कुठे राहता? ‘दादा, लास्ट किती?’ हा प्रश्न तर किंमत कळण्याआधीच येतो. विकणारा दिवसभर तीच माहिती दहा जणांना टाइप करत बसतो, आणि ज्याला खरेच फ्रिज हवा असतो तो तोवर दुसरीकडे वळतो.

वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातीत शब्द मोजून पैसे लागत, म्हणून तिथला आखडता हात समजू शकतो. इथे शब्द फुकट आहेत. तरीही मजकूर आठ-दहा ओळींचाच असावा, कारण लोक तो बोटाने वर सरकवत वाचतात. आता त्या ओळींत काय असावे ते एका फ्रिजच्या निमित्ताने पाहू. समजा, पुण्यात वारज्याला राहणारे एक जोडपे नाशिकला बिऱ्हाड हलवते आहे. त्यांच्याकडे २६० लिटरचा डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री फ्रिज आहे. २०१९ साली तो पंचवीस हजारांना घेतला होता.

किंमत ठरवताना बहुतेक जण ‘आपण कितीला घेतला’ तिथून सुरुवात करतात. घेणाऱ्याला त्या आकड्याशी काही देणेघेणे नसते. या जोडप्याने दोन ठिकाणी चौकशी केली. नव्या फ्रिजवर एक्स्चेंजमध्ये दुकानदार तीन हजार द्यायला तयार होता. जुने फ्रिज दुरुस्त करून विकणाऱ्याकडे असाच फ्रिज बारा हजारांना होता. त्यात घरपोच आणि तीन महिन्यांची गॅरंटी. म्हणजे किंमत या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी बसणार.

त्यांच्या मनात अकरा हजार होते. पण घेणाऱ्याला छोटा हत्ती आणि दोन हमाल यांचे दीड हजार वेगळे मोजावे लागणार होते. म्हणजे फ्रिज त्याला साडेबारा हजारांना पडला असता, दुकानापेक्षा महाग आणि वर गॅरंटी नाही. असा व्यवहार कोण करेल? साडेआठ हजार लावले तर त्याला सगळे मिळून दहा हजार पडतात. उरलेले दोन हजार म्हणजे गॅरंटी नसण्याची भरपाई. एवढा हिशेब केला की ‘फिक्स’ हा शब्द बिनदिक्कत लिहिता येतो. आकडा न लिहिता ‘किंमत मेसेजमध्ये’ लिहिणारे मात्र स्वतःचे गिऱ्हाईक स्वतःच हाकलतात, असे माझे मत.

यानंतर स्थिती. ‘चांगल्या कंडिशनमध्ये’ हे शब्द कुठल्याही वस्तूला लावता येतात, म्हणून ते काहीच सांगत नाहीत. फ्रिज घेणाऱ्याला नेमके काय हवे असते? गॅस कधी भरला का, कॉम्प्रेसर बदलला का, दाराचे रबर घट्ट आहे का. रबराची परीक्षा घरीच होते: दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचे आणि पट्टी ओढायची. ती अलगद सुटून आली तर रबर सैल आहे, थंडावा बाहेर जातो आणि कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो. ही पट्टी चारही बाजूंना लावून पाहावी. बिजागरीकडची बाजू बहुतेकांकडून राहून जाते.

पोचा, तडा, तुटलेला कप्पा हे सगळे आधीच लिहावे आणि त्यांचे जवळून फोटो टाकावेत. लपवलेला पोचा जिना चढून आलेल्या माणसाला दारातच दिसतो, आणि त्या एका पोच्यापायी तो हजार रुपये कमी मागतो. लिहिलेल्या पोच्यासाठी तसे मागता येत नाही, कारण तो किमतीत धरलेलाच असतो.

फोटोंत दारावरचे स्टारचे लेबल जरूर असावे. फ्रॉस्ट फ्री फ्रिजना ते २०१० पासून सक्तीचे आहे. त्यावर वर्षाला किती युनिट वीज लागते आणि लेबल कोणत्या काळापुरते आहे, हेही छापलेले असते. निकष मधूनमधून कडक होत गेल्याने जुने चार स्टार म्हणजे आजचे चार स्टार नव्हेत. लेबल पाहिले की घेणारा युनिटचा आकडा थेट ताडून पाहू शकतो. बिलाचा फोटो टाकताना मात्र नाव, पत्ता, फोन झाकावा.

न्यायची माहिती हा भाग सर्वांत दुर्लक्षित, आणि व्यवहार मोडतात ते इथेच. टेम्पो दारात येऊन उभा राहतो तेव्हा कळते की घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. हमाल तिथल्या तिथे दर वाढवतात आणि ते पैसे कुणी द्यायचे यावर वाद सुरू होतो. मग सोसायटीचा वॉचमन गेटपास मागतो. हे सगळे एका ओळीत आधी सांगता येते. आमच्या जोडप्याने शेवटी लिहिले ते असे:

‘विक्रीस: डबल डोअर फ्रिज, २६० लिटर, फ्रॉस्ट फ्री. खरेदी मे २०१९, मूळ बिल आहे. रोज वापरात. गॅस कधी भरलेला नाही. खालच्या दाराचे रबर गेल्या वर्षी नवे. दोष: डाव्या बाजूला पोचा (फोटो ३), भाजीच्या खणाचे झाकण तडकलेले (फोटो ४). किंमत ८,५०० रु., फिक्स. वारजे, पुणे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना तीन फूट रुंद. टेम्पो व हमाल घेणाऱ्याचे. गेटपास आम्ही काढून ठेवू. बघायला रोज सायंकाळी ७ ते ९, फ्रिज चालू असेल. न्यायचा शनिवारी किंवा रविवारी, सकाळी ९ ते १२. पूर्ण पैसे नेताना, रोख किंवा यूपीआय. आधी मेसेज करावा.’

‘फ्रिज चालू असेल’ हे तीन शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. बंद फ्रिज आतून पुसून चकाचक दिसतो, पण बर्फ धरतो की नाही ते कळत नाही. घर नंबर आणि फोन उघड्यावर न टाकता नक्की येणाऱ्यालाच द्यावा, हेही या मजकुरात जपले आहे.

पैशांच्या बाबतीत एक फसवणूक जुनी असूनही चालते. वस्तू न बघताच कुणीतरी ‘पक्की’ करतो, बदली झालेला जवान असल्याचे सांगतो आणि ‘पैसे पाठवतो’ म्हणून क्यूआर कोड धाडतो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार. खऱ्या गिऱ्हाइकाला आधी फ्रिज बघायचा असतो.

सौदा ठरला की नेण्याच्या आदल्या रात्री फ्रिज रिकामा करून बंद करावा, दारे किंचित उघडी ठेवावीत, मागच्या तबकातले पाणी काढावे. टेम्पोत तो उभाच न्यायला सांगावे. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत शिरते. आडवा न्यावाच लागला, तर नव्या घरी काही तास उभा ठेवूनच चालू करायचा, हे घेणाऱ्याला सांगावे. आणि टेम्पो गेटबाहेर पडला की मूळ मजकुरावर ‘विकला’ असे लिहावे, नाहीतर नाशिकला सामान लावत असतानाही ‘अजून आहे का?’ हा मेसेज येत राहतो.