लोगोपाशी अडकलेला फोन

मावशीचा फोन रविवारी सकाळी सुरूच होईना. कंपनीचा लोगो यायचा, अर्ध्या मिनिटाने स्क्रीन काळी व्हायची, की पुन्हा लोगो. आदल्या रात्री फोनने अपडेट घेतलं होतं आणि त्याची ३२ जीबी जागा लग्नाच्या व्हिडिओंनी आधीच भरत आली होती. "फोटो गेले का रे माझे?" एवढंच ती विचारत होती.

अशा वेळी फोटो सहसा जागच्या जागी असतात. अँड्रॉइड सुरू होताना स्वतःच्या नोंदी लिहीत जातं. लिहायला जागा नसली, किंवा अपडेटनंतर उरलेल्या तात्पुरत्या फायली बिघडलेल्या असल्या, की ते मध्येच कोसळतं आणि पहिल्यापासून सुरुवात करतं.

मी फोन केबलने संगणकाला जोडला; काही नव्या फोनमध्ये त्याशिवाय रिकव्हरी उघडत नाही. मग स्क्रीन काळी होताच आवाज वाढवण्याचं बटण आणि पॉवर बटण एकत्र दाबून धरलं. बटणांची ही जोडी कंपनीगणिक बदलते. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांत यादी आली. तिथे बोटाने काही होत नाही. आवाजाच्या बटणांनी वर-खाली जायचं, पॉवरने निवडायचं.

खरी काळजी इथेच घ्यायची. त्या यादीत `Wipe data/factory reset` आणि `Wipe cache partition` या ओळी एकीखाली एक होत्या. पहिली सगळा फोन पुसते, फोटोंसकट. दुसरी फक्त तात्पुरत्या फायलींचा वेगळा कप्पा रिकामा करते. मी दोनदा वाचून दुसरी निवडली, `Yes` केलं. काही सेकंदांत काम झाल्याची ओळ उमटली. मग `Reboot system now`. लोगो बराच वेळ राहिला, पण या खेपेला फोन सुरू झाला.

सेटिंग्जमध्ये मोकळी जागा मात्र आधी होती तेवढीच होती. फोटो, व्हिडिओ आणि ॲपचा स्वतःचा कॅश वेगळ्या कप्प्यात असतात आणि त्याला ही सफाई शिवतही नाही. म्हणजे मावशीच्या फोनची अडचण अपडेटच्या उरल्यासुरल्या फायलींची होती. जागाच काठोकाठ भरली असेल, तर या उपायाने सहसा भागत नाही. मग सेफ मोडमध्ये फोन उघडतो का पाहायचं आणि उघडलाच तर मोठे व्हिडिओ काढायचे. पिक्सेलसारख्या बऱ्याच फोनमध्ये तर हा कप्पाच नसतो, म्हणून ती ओळही दिसत नाही.

तरीही लोगोच फिरत राहिला, तर शेवटी फॅक्टरी रीसेट उरतो. त्यात बॅकअप नसलेले फोटो जातात, आणि नंतर आधीच्याच गूगल खात्याचा पासवर्ड मागितला जातो. तो आठवत नसेल तर रीसेटला हातच लावू नये.

मावशीच्या फोनमधले लग्नाचे व्हिडिओ त्याच दुपारी संगणकावर उतरवले आणि ते तिथे चालतात हे बघूनच फोनमधून काढले.