सरासरीतला फरक खरा की भासाचा?

समजा, सोयाबीनचे जुने वाण 16 वाफ्यांत आणि नवे फक्त 4 वाफ्यांत पेरले. नव्याची सरासरी 5 किलोंनी जास्त आली. पण जुन्याचे उत्पन्न एकसारखे, व्हेरिअन्स 4. नव्याचे फार विखुरलेले, व्हेरिअन्स 36.

नेहमीची टी चाचणी दोन्ही व्हेरिअन्स समान मानून एकत्र करते. त्यात 16 वाफ्यांचे वजन जास्त पडते, नव्या वाणाची अस्थिरता दबते. टी येतो 2.93, मर्यादा 2.10. म्हणजे फरक खरा!

वेल्च यांनी 1947 मध्ये मांडलेली पद्धत प्रत्येक गटाचा व्हेरिअन्स त्याच्याच वाफ्यांच्या संख्येने भागते: 4/16 आणि 36/4. बेरीज 9.25, तिचे वर्गमूळ 3.04, टी फक्त 1.64. मर्यादाही वाढून तीनच्या वर जाते. पुरावा अपुरा.

एफ चाचणी म्हणजे व्हेरिअन्सचे गुणोत्तर: 36/4 = 9. विषमता उघड आहे. मात्र आकडे घंटाकृती वितरणाचे नसतील तर एफ सहज फसवते, आणि लहान गटांत खरी विषमताही तिच्या नजरेतून सुटते. म्हणून तिच्या निकालावर टी चाचणी निवडू नका; थेट वेल्चचीच वापरा. एक्सेलच्या T.TEST मध्ये त्यासाठी शेवटचा आकडा 3 द्या.