पित्ताशयाचा शूळ आणि दाह

यकृताखाली पित्त साठविणारी एक लहान पिशवी असते, तेच पित्ताशय. तीतील खडा तोंडाशी अडकला, की उजव्या बरगडीखाली कळ उठते. खडा मागे सरकला, की काही तासांत ती ओसरते, आणि ताप येत नाही. हा शूळ. खडा अडकूनच राहिला, तर पिशवी फुगते आणि तिची भिंत सुजते. हा दाह.

पंचेचाळीस वर्षांच्या एखाद्या बाईंचे उदाहरण घेऊ. पूर्वीच्या कळा दोन-तीन तासांत थांबत. या खेपेस रात्री उठलेली कळ सकाळीही अखंड आहे. अंगात १०१ अंश ताप आहे. डॉक्टर बरगडीखाली बोटे दाबून खोल श्वास घ्यावयास सांगतात, तो वेदनेने मध्येच अडतो. सोनोग्राफीत भिंत जाड दिसते. निदान दाहाचे ठरते.

पूर्वी अशा वेळी औषधांनी दाह शमवून सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया करीत. आता प्रकृतीला झेपत असेल, तर ती पहिल्या दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात करतात. प्रारंभीची सूज ओली असते, पिशवी सुटी करणे सोपे जाते. पुढे ती भोवतालच्या अवयवांना घट्ट चिकटते. शिवाय थांबलेल्या काळात दाह उलटू शकतो. शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या रोग्याच्या पित्ताशयात नळी घालून दूषित पित्त काढतात.

केवळ शूळ असेल, तर शस्त्रक्रियेचा दिवस सवडीने ठरविता येतो. मात्र वृद्धांत दाह असूनही ताप नसू शकतो. म्हणून सहा तासांत न थांबलेली कळ रुग्णालयातच दाखवावी.