सहपत्रांची यादी : पत्रातला उल्लेख आणि जोडलेला कागद

आपण ज्या गावी राहतो तिथल्या कचेरीची भाषा पुष्कळदा मराठी नसते. बडोद्याला पत्राच्या तळाशी ‘बिडाण’ लिहितात, इंदूर-ग्वाल्हेरला ‘संलग्नक’, महाराष्ट्रात ‘सहपत्र’. शब्द कोणताही असो, पत्र हाती घेणारा कारकून एकच गोष्ट पाहतो : मजकुरात ज्या कागदाचा उल्लेख आहे तो मागे आहे का, आणि तोच आहे का.

एक उदाहरण घेऊ. असे धरू, की बडोद्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतले घर आईच्या नावावर होते. आई गेली. घरात राहणाऱ्या मुलीला भाग-दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, आपल्या नावावर करून हवा आहे. दोन्ही भावांची संमती आहे. ती संस्थेच्या सचिवांना पत्र लिहिते. पहिल्या परिच्छेदात आईचे निधन, दुसऱ्यात भाग-दाखला, तिसऱ्यात भावांची संमती. तळाशी त्याच क्रमाने १, २, ३ अशी यादी.

मग तिच्या लक्षात येते, की भाग-दाखल्यावर आईचे माहेरचे नाव आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर सासरचे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, असे प्रतिज्ञापत्र ती करून आणते आणि त्याबद्दलचा परिच्छेद संमतीच्या आधी घालते. ‘सहपत्र ३ प्रमाणे प्रतिज्ञापत्र केले आहे’, असे वाक्य होते. तळाची यादी मात्र जुनीच राहते; तिथे तिसरा कागद संमतीपत्र आहे आणि प्रतिज्ञापत्र शेवटी चौथे लिहिले गेले आहे. सचिव तिसरा कागद उलटतात, त्यांना भावांच्या सह्या दिसतात, आणि ‘प्रतिज्ञापत्र जोडलेले नाही’ असा शेरा पडतो. पुढची बैठक महिन्याने. कागद तर गठ्ठ्यात होताच!

यावर उपाय साधा आहे. कच्च्या खर्ड्यात आकडे घालूच नयेत. जिथे उल्लेख येतो तिथे कंसात ‘मृत्यूदाखला’, ‘नावाचे प्रतिज्ञापत्र’ असे कागदाचे छोटे नाव लिहावे. मजकूर पक्का झाला की वरून खाली वाचत जाऊन, जो कागद प्रथम येईल त्याला १, नंतरच्या नव्या कागदाला २, असे क्रमांक द्यावेत. तोच कागद पुन्हा आला तर त्याचा जुनाच क्रमांक. यादी या क्रमाने सर्वांत शेवटी लिहावी. आपल्या उदाहरणात ती अशी होईल :

सहपत्रे : ४ (एकूण पाने ७)
१. आईच्या मृत्यूचा दाखला, छायाप्रत, १ पान
२. भाग-दाखला, छायाप्रत, दोन्ही बाजू, २ पाने
३. दोन नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, मूळ प्रत, २ पाने
४. दोन्ही भावांची संमतीपत्रे, मूळ प्रती, २ पाने

‘दोन्ही बाजू’ मुद्दाम लिहिले आहे. भाग-दाखल्याच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदी असतात, आणि छायाप्रत काढताना नेमकी तीच बाजू राहते. पानांची संख्या लिहिली की ही चूक आपल्याच डोळ्यांना दिसते. शिवाय पोच घेताना शिक्का आपल्या ज्या प्रतीवर पडतो तिच्यावर ही यादीही असते. पुढे कोणी ‘संमतीपत्र आलेच नव्हते’ म्हणाले तर दाखवायला काहीतरी हाती असते. नुसते ‘सोबत : वरीलप्रमाणे’ लिहिलेल्या प्रतीचा त्या वेळी काही उपयोग होत नाही.

प्रत्येक कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ‘सहपत्र १’ असे लिहावे. मूळ कागदावर लिहायचे नसेल तर वर एक कोरी चिठ्ठी टाचावी. प्रतिज्ञापत्राला स्वतःचीच जोडपत्रे असतील तर त्यांना अ, ब अशी अक्षरे असू द्यावीत, म्हणजे दोन क्रमांकमाला एकमेकींत अडकणार नाहीत.

पाकीट बंद करण्यापूर्वी तपासणी दोन्हीकडून करावी. पत्र मोठ्याने वाचत प्रत्येक उल्लेखाला तो कागद उचलून बाजूला ठेवावा. शेवटी एखादा कागद उरला, तर त्याच्याबद्दल मजकुरात वाक्यच नाही असे समजावे. वाक्य घालावे किंवा कागद काढावा. मग यादी हाती घेऊन प्रत्येक कागदावरचे नाव आणि पाने ताडून पाहावीत. ‘सोबत जोडले आहे’ असे क्रमांकाविना वाक्य दिसले की तिथे हमखास काहीतरी सुटलेले असते.

आणखी एक. ‘संदर्भ’ आणि ‘सहपत्र’ यांची गल्लत फार होते. संस्थेचे आपल्याला आलेले पत्र हा संदर्भ. ते वर, विषयाखाली, क्रमांक-तारखेसह लिहावे. त्याची प्रत जोडली तरच ते सहपत्रांत येते.

पत्र एकदा दिल्यावर मात्र क्रमांक बदलू नयेत. नंतर एखादा कागद मागितला, तर दुसऱ्या पत्रात पहिल्या पत्राची तारीख देऊन तो ‘सहपत्र ५’ म्हणून पाठवावा. सचिवांच्या फायलीत पहिले चार त्याच आकड्यांनी आधीच लागलेले असतात.