गोदामातून बिलापर्यंत

सॅपसारख्या ईआरपी प्रणालीत विक्री-ऑर्डरवरून `VL01N` या व्यवहाराने डिलिव्हरी तयार होते. कोणता माल, किती आणि कोणत्या गोदामातून द्यायचा, हे तिच्यात ठरते. साठा मात्र अजून कमी होत नाही.

समजा, 100 पंपांची डिलिव्हरी आहे. कामगार यादी घेऊन रॅकपाशी जातो, तर तिथे 92च पंप सापडतात. इथे प्रामाणिक नोंद महत्त्वाची. उचललेले नग 92 आणि डिलिव्हरीत 100 असा फरक राहिला, तर प्रणाली पुढची पायरी अडवते. मग डिलिव्हरी 92 वर आणावी लागते. ग्राहकाला तुकड्यातुकड्याने माल चालत असेल, तर उरलेले 8 ऑर्डरवर बाकी राहतात. घाईत 100 उचलल्याचे लिहिले, तर अडथळा येत नाही, पण बिल 100 पंपांचे निघते आणि भांडण ग्राहकाच्या दारात पोचते.

पॅकिंगमध्ये कोणत्या खोक्यात काय, हे नोंदवले जाते.

खरा टप्पा माल-निर्गमनाचा. ती नोंद होताच साठा घटतो, साधारणपणे मालाची किंमत खर्चात जाते आणि डिलिव्हरी बिलासाठी खुली होते. भारतात जीएसटी कायद्यानुसार बीजक माल हलण्यापूर्वी किंवा हलतानाच काढावे लागते. म्हणून ही नोंद ट्रक फाटकातून सुटण्याआधी होते. नंतर चूक कळल्यास आधी बिल रद्द करावे लागते, मगच `VL09` ने निर्गमन उलटवता येते.